मेकॉलेचं न झालेलं भाषण: एका कोट-कार्डाच्या तपासणीच्या नोंदी

४ जानेवारी

शाळेच्या मुख्याध्यापकांचा वाचनालयात फोन आला. २६ जानेवारीच्या प्रदर्शनासाठी त्यांना एक फ्लेक्स छापायचा आहे आणि मजकूर त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. दोन चित्रं आहेत. पहिलं इंग्रजी, पिवळसर कागदावर जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणासारखं. वर शीर्षक 'लॉर्ड मेकॉले यांचं ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५', बाजूला पांढऱ्या केसांच्या वृद्ध गृहस्थाचं छायाचित्र. दुसरं त्याचंच मराठी कार्ड, निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं.

मजकूर थोडक्यात असा: मी भारतभर उभा-आडवा फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही. एवढी संपत्ती, एवढी नीतिमत्ता, एवढ्या योग्यतेची माणसं. या देशाचा कणा म्हणजे त्याचा आध्यात्मिक आणि सांस्कृतिक वारसा मोडल्याशिवाय आपण तो कधी जिंकू शकू असं मला वाटत नाही. म्हणून त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलावी, म्हणजे जे जे परदेशी आणि इंग्रजी ते ते आपल्यापेक्षा थोर असं त्यांना वाटू लागेल आणि ते आपल्याला हवे तसे गुलाम होतील.

हे कार्ड बहुतेक सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेलं असतं. मुख्याध्यापक सर म्हणाले, "खरं असेल तर छापतो, नसेल तर सांगा. पण नसेल तर का नाही, तेही सांगा, कारण मला शिक्षकांना उत्तर द्यावं लागेल." म्हणजे 'फेक आहे' एवढं म्हणून भागणार नाही. त्यासाठीच या नोंदी ठेवतो आहे.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. चित्रांच्या फाइलमध्ये काही सापडणार नाही. व्हॉट्सॲप चित्र दाबून पाठवतं आणि त्यासोबत असलेली तारीख, कॅमेरा, सॉफ्टवेअर वगैरे माहिती काढून टाकतं. जे काही हाती लागेल ते डोळ्यांना दिसतं त्यातूनच.

६ जानेवारी

आज पत्रकार दिन, म्हणजे 'दर्पण'चा पहिला अंक निघाला ती तारीख, ६ जानेवारी १८३२. योग चांगला जुळला. इंग्रजी कार्ड १८३५ चं कात्रण असल्याचा आव आणतं आणि 'दर्पण' त्याच्या तीनच वर्षं आधीचा, त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी. त्या काळचा छापील इंग्रजी मजकूर कसा दिसायचा हे बघायला मुंबईचाच नमुना मिळाला. वाचनालयातल्या एका संदर्भग्रंथात त्याच्या पानाचं छायाचित्र आहे, ते आणि कार्ड घेऊन डीटीपीवाल्या काकांकडे गेलो. काकांनी आधी खिळे जुळवले, मग श्रीलिपीवर पानं लावली, आता युनिकोडवर काम करतात. अक्षराकडे बघण्याची त्यांची पद्धत वेगळीच आहे. मजकूर ते वाचतच नाहीत.

काकांनी कार्ड स्क्रीनवर मोठं केलं आणि पहिल्यांदा अपॉस्ट्रॉफी शोधली. ती सरळ होती, उभ्या काडीसारखी. अवतरणचिन्हंही तशीच सरळ. खिळ्यांच्या छपाईत अवतरणं वाकडी असतात, उघडणारं आणि मिटणारं वेगळं. एकाच सरळ काडीने दोन्ही कामं भागवणं ही टंकलेखन यंत्राची काटकसर, आणि तिथून ती संगणकाच्या कीबोर्डवर आली. काका म्हणाले, "हे कुणी जुळवलेलं नाही, टाइप केलेलं आहे."

मग अक्षरवळण. कार्डातलं अक्षर सरळसरळ टाइम्स न्यू रोमन. लंडनच्या 'टाइम्स'ने हा टाइप करवून घेतला आणि पहिल्यांदा वापरला तो ३ ऑक्टोबर १९३२ ला. १८३० च्या दशकात इंग्रजी छपाईत ज्याला तेव्हा 'मॉडर्न' म्हणत तो टाइप चालायचा: जाड उभ्या रेषा, केसासारख्या बारीक आडव्या रेषा, आणि अक्षराच्या टोकाला सपाट पातळ पट्टी. 'दर्पण'चं पान शेजारी धरलं की फरक नवख्यालाही दिसतो.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडली, कारण ती कुणालाही घरी करता येते. खिळ्याने छापलेल्या पानावर एकच अक्षर दहा ठिकाणी असलं तर ते दहाही ठिकाणी किंचित वेगळं उमटतं. कुठे शाई पसरते, कुठे खिळा झिजलेला असतो, कुठे दाब कमी पडतो. संगणकाच्या अक्षरात असं होत नाही. काकांनी कार्डातले दोन 'e' एकाच मापाच्या चौकोनात कापले आणि एकावर एक ठेवून त्यांच्यातला फरक काढला:

```
magick e1.png e2.png -compose difference -composite farak.png
```

निघालेलं चित्र जवळपास पूर्ण काळं, कडांना फक्त जेपीजीची पुसट धूळ. म्हणजे दोन्ही अक्षरं एकसारखी. शिवाय कागदाचे डाग आणि सुरकुत्या अक्षरांच्या खालून जातात, अक्षरावर एकही चिरा पडलेला नाही. जुन्या कागदाचं चित्र आधी आणि मजकूर वर चढवलेला.

एवढं झाल्यावर काका खूश होते, मी मात्र नव्हतो. यातून काय ठरलं? हे कात्रण १८३५ चं नाही, एवढंच. वाक्य १८३५ चं नाही हे ठरलेलं नाही. ज्ञानेश्वरीची ओवी मोबाइलवर टाइप करून कुणी जुन्या कागदाच्या चित्रावर चढवली तर कागद खोटा ठरेल, ओवी नाही. टायपोग्राफीच्या तपासणीची मर्यादा हीच आहे आणि ती सरांना दिल्या जाणाऱ्या टिपणात ठळकपणे लिहायला हवी.

७ जानेवारी

मराठी कार्ड. एका ओळखीच्या पत्रकाराचं मत पडलं की यातला 'ल' हिंदी वळणाचा आहे, त्यामुळे कार्ड हिंदी पट्ट्यात बनलं. ही खूण फार चालते आणि ती बहुतेक वेळा निरुपयोगी असते. बऱ्याच युनिकोड फाँटमध्ये 'ल' आणि 'श' मूळचे हिंदी वळणाचेच असतात. मराठी वळण फाँटमध्ये असलं तरी मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, तेव्हाच ते येतं. कार्ड बनवायच्या मोबाइल ॲपमध्ये कोण सांगणार? सातारचा माणूस सातारमध्ये बसून कार्ड बनवेल आणि त्यातही हिंदी 'ल'च येईल.

खरी खूण दुसरीकडे होती. कार्डात सगळी वाक्यं टिंबाने संपतात, मराठीत संपतात तशी. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी दंड आहे, हिंदीतला उभा पूर्णविराम. म्हणजे कुणीतरी हिंदी मजकुरावरच मराठी लिहिलं आणि तो एक दंड पुसायचा राहिला. मूळ इंग्रजी, मग हिंदी, मग मराठी असा प्रवास दिसतो. पण हेही कार्डाचंच चरित्र झालं. वाक्याच्या खरेपणाबद्दल ते काही सांगत नाही, म्हणून यावर आणखी वेळ घालवत नाही.

९ जानेवारी

चित्र आणि शीर्षक. गूगल लेन्सवर फोटो टाकला तर तो लगेच सापडला. आंत्वान क्लोदे या लंडनच्या छायाचित्रकाराने काढलेला मेकॉलेचा उतारवयातला फोटो. मेकॉलेचा जन्म २५ ऑक्टोबर १८०० चा, म्हणजे कार्डावरच्या तारखेला तो ३४ वर्षांचा होता. शिवाय छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. भाषणाच्या वेळचा फोटो असणं शक्यच नव्हतं. नंतरचा फोटो लावणं हा काही गुन्हा नाही, पाठ्यपुस्तकंही लावतात. तरी कार्ड बनवणाऱ्याने 'मेकॉले' शोधून जे पहिलं आलं ते लावलं, हे त्यातून कळतं.

'लॉर्ड' हे मात्र जास्त बोलकं आहे. मेकॉलेला ही पदवी मिळाली १८५७ मध्ये. आज आपण मागे वळून त्याला लॉर्ड मेकॉले म्हणतो ते ठीक, पण १८३५ च्या कात्रणाच्या मथळ्यात 'लॉर्ड मेकॉले' छापणं म्हणजे बावीस वर्षांनंतरची बातमी आधीच छापणं. तेव्हाच्या कुठल्याही वर्तमानपत्राने 'मिस्टर मेकॉले' लिहिलं असतं.

११ जानेवारी

आता खरा प्रश्न. २ फेब्रुवारी १८३५ रोजी हा माणूस कुठे होता?

याला उत्तर द्यायला त्याचा भाचा जॉर्ज ऑटो ट्रेव्हेल्यन याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेलं पत्रांसहितचं चरित्र पुरतं. ते इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण आहे. मेकॉले लीड्सचा खासदार होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेविषयक सदस्य म्हणून नेमणूक झाल्यावर त्याने खासदारकी सोडली आणि फेब्रुवारी १८३४ मध्ये बहीण हॅना हिच्यासह जहाजावर चढला. १० जून १८३४ ला तो मद्रासला उतरला. गव्हर्नर जनरल बेंटिंक तेव्हा उटीला होता, म्हणून पालखीत बसून म्हैसूरमार्गे उटीला गेला, तिथे पावसाळा काढला आणि सप्टेंबरच्या अखेरीस कलकत्त्याला पोचला. डिसेंबरमध्ये तिथेच हॅनाचं चार्ल्स ट्रेव्हेल्यनशी लग्न झालं. १८३८ मध्ये इंग्लंडला परत जाईपर्यंत त्याचा मुक्काम कलकत्त्यातच होता.

म्हणजे त्या तारखेला तो कलकत्त्यात. लंडन त्याच्यापासून किती लांब होतं याची कल्पना त्याच चरित्रातून येते. इंग्लंडमध्ये राहिलेली त्याची लाडकी बहीण मार्गारेट ऑगस्ट १८३४ मध्ये वारली. ती बातमी कलकत्त्याला पोचली हॅनाच्या लग्नानंतर. टपालाला महिनेच्या महिने लागायचे. सकाळी कलकत्त्यात आणि दुपारी वेस्टमिन्स्टरमध्ये, असं काही शक्य नव्हतं.

'भारतभर उभा-आडवा फिरलो' याचीही शहानिशा इथेच होते. मद्रास, म्हैसूर, उटी आणि समुद्रमार्गे कलकत्ता. विंध्याच्या अलीकडचा आमचा मुलूख, उत्तर, पंजाब, काही नाही. हिंदुस्थानात येऊन त्याला जेमतेम आठ महिने होत होते.

आता दुसरी बाजू: त्या दिवशी संसदेत काय चाललं होतं? ब्रिटिश संसदेच्या जुन्या कामकाजाचा छापील वृत्तांत, म्हणजे 'हॅन्सार्ड', तारखेनिहाय ऑनलाइन आहे. पत्ता असा टाकायचा:

```
https://api.parliament.uk/historic-hansard/sittings/1835/feb
```

फेब्रुवारी १८३५ च्या यादीत पहिली बैठक दिसते ती १९ फेब्रुवारीची. त्याआधीचे दिवस रिकामे, आणि त्याला कारण आहे. २९ डिसेंबर १८३४ ला संसद बरखास्त झाली होती आणि देशात निवडणूक चालू होती. नवी संसद पहिल्यांदा भरली १९ फेब्रुवारीला, आणि त्या दिवशी सभापतिपदाची चुरशीची निवडणूक झाली. २ तारखेला ज्याच्यापुढे भाषण करायचं ते सभागृहच अस्तित्वात नव्हतं. इमारतीचं म्हणाल तर जुना वेस्टमिन्स्टर राजवाडा १६ ऑक्टोबर १८३४ च्या आगीत बहुतेक जळून गेला होता.

वक्ता खासदार नव्हता, देशात नव्हता, आणि संसदही नव्हती.

इथे एक सावधगिरी लिहून ठेवतो, कारण हीच पद्धत दुसऱ्या कार्डावर वापरताना लोक घसरतात. 'हॅन्सार्डमध्ये सापडलं नाही, म्हणून खोटं' असं १८३० च्या दशकाबद्दल म्हणता येत नाही. तेव्हा हॅन्सार्डचे स्वतःचे वार्ताहर नव्हते, वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांवरून ते जुळवलं जायचं. भाषणं त्यात आखडलेली असत, कधी गाळलेलीही. मेकॉलेलाच याचा त्रास झाला होता. १८५३ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाने त्याची भाषणं परवानगीशिवाय छापली. ती इतकी चुकीची होती की पुढच्या वर्षी त्याला स्वतः दुरुस्त केलेली आवृत्ती काढावी लागली आणि प्रस्तावनेत त्याने त्या प्रकाशकाचा यथेच्छ समाचार घेतला. न बोललेली वाक्यं आपल्या तोंडी घातल्याबद्दल चिडणारा हा माणूस पुढे याच कारणासाठी प्रसिद्ध होणार होता! तर, आपला आधार 'वाक्य सापडलं नाही' हा नाही. त्या दिवशी बैठकच नव्हती, हा आहे.

१४ जानेवारी

तिळगूळ वाटून झाल्यावर बसलो. तारीख मनातून जाईना. बनवणाऱ्याने २ फेब्रुवारी १८३५ हीच का निवडली? उगाच सुचलेली तारीख इतकी नेमकी नसते.

उत्तर सोपं आहे, पण तेच या सगळ्या तपासणीतलं सर्वांत मोलाचं आहे. तारीख खरी आहे. मेकॉलेने त्या दिवशी खरंच काहीतरी लिहिलं: भारतातल्या शिक्षणाविषयीचं त्याचं प्रसिद्ध टिपण, ज्याला 'मिनिट' म्हणतात. कौन्सिलचे सदस्य आपलं मत लेखी नोंदवत त्याला हे नाव. भाषण नव्हे, कलकत्त्यातल्या सरकारी फायलीतला कागद. एच. शार्प यांनी संपादित केलेल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या संग्रहात (पहिला भाग, १७८१ ते १८३९, कलकत्ता, १९२०) ते संपूर्ण छापलेलं आहे. त्याखाली बेंटिंकचा एका ओळीचा शेराही आहे की या मिनिटातल्या विचारांशी मी पूर्णपणे सहमत आहे.

मूळ मिनिट आज शेवटपर्यंत वाचलं. कार्डातलं एकही वाक्य त्यात नाही. आहे तो एका खर्चाच्या बाबीचा वाद. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीला दरवर्षी एक लाख रुपये बाजूला काढायला सांगितले होते, साहित्याच्या पुनरुज्जीवनासाठी आणि इथल्या विद्वानांच्या उत्तेजनासाठी. हे पैसे संस्कृत आणि अरबीच्या पाठशाळांवरच खर्च करायचे की इंग्रजीवर केले तरी चालतील, यावरून शिक्षण समितीत दोन तट पडले होते. मेकॉले त्या समितीचा अध्यक्ष. त्याने कायद्यातल्या शब्दांचा कीस काढला आणि पारडं इंग्रजीकडे झुकवलं. एच. टी. प्रिन्सेप यांनी त्याला १५ फेब्रुवारीला लेखी विरोध केला. सरकारचा ठराव झाला ७ मार्च १८३५ ला. हा सगळा कारभार कलकत्त्यातला. लंडनच्या संसदेचा त्यात कुठेच संबंध नाही.

आणि त्याचा सूर! कार्डातला मेकॉले भारावलेला आहे, भारताच्या नीतिमत्तेपुढे हात टेकणारा. मिनिटातला मेकॉले कुचेष्टा करतो. आधी कबूल करतो की मला संस्कृतही येत नाही आणि अरबीही. आणि पुढे लिहितो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फळकूट भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे. इथलं वैद्यक इंग्लंडच्या घोड्यांच्या वैदूलाही लाज आणील असं, इथलं खगोलशास्त्र ऐकून शाळकरी मुली हसतील असं, इतिहासात तीस फूट उंचीचे राजे आणि तीस हजार वर्षांच्या कारकिर्दी, भूगोलात काकवीचे आणि लोण्याचे समुद्र. आणि शेवटाकडे ते वाक्य, जे खरोखर त्याचं आहे: आपण आणि आपण ज्यांच्यावर राज्य करतो ते कोट्यवधी लोक यांच्यात दुभाष्याचं काम करील असा एक वर्ग तयार करायला हवा, रक्ताने आणि रंगाने भारतीय पण अभिरुची, मतं, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज.

खऱ्या आणि खोट्या मजकुरातला फरक आता बोट ठेवून दाखवता येतो. इथल्या ज्ञानाची किंमतच नाही, असं मेकॉलेला मनापासून वाटत होतं. कार्ड म्हणतं की त्याला ती पुरती कळली होती आणि म्हणूनच त्याने ती मोडली. तुच्छतेच्या जागी कारस्थान आलं. वाचणाऱ्याला दुसरं जास्त सोसतं, कारण त्यात शत्रूच्याच तोंडून आपली स्तुती होते. कार्ड एवढं का पसरलं याचं मला सुचणारं कारण हेच.

१७ जानेवारी

वाक्यातला मजकूर त्या काळाशी ताडून पाहिला. ही तपासणी नेहमी शेवटी करावी, कारण 'असं तो म्हणणारच नाही' हा युक्तिवाद एकटा लंगडा असतो. माणसं विसंगत बोलतात. पण बाकी पुरावा हाती आल्यावर तो जोड म्हणून चालतो.

'आपण हा देश कधी जिंकू शकू असं वाटत नाही.' १८३५ मध्ये? शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं १७ नोव्हेंबर १८१७ ला. दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला जून १८१८ मध्ये. मेकॉले स्वतः १० जुलै १८३३ ला संसदेत भारताच्या कारभारावर बोलला होता. हे त्याचं खरं भाषण, आणि ते हॅन्सार्डमध्येही आहे, त्याच्या दुरुस्त आवृत्तीतही. त्यात तो नवल करतो की फ्रान्स, स्पेन, इटली आणि जर्मनी एकत्र केले तरी त्यांहून मोठ्या आणि जास्त वस्तीच्या मुलखावर आपण राज्य करतो आहोत. जिंकून झालेल्या देशाबद्दल दीड वर्षाने 'जिंकता येणार नाही' असं म्हणायला काही कारण दिसत नाही.

'एकही चोर दिसला नाही.' याच मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या कायदा आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा केला आणि तो १८३७ मध्ये सादर झाला. पुढे १८६० मध्ये तिचा कायदा झाला आणि २०२४ पर्यंत तो आपल्याकडे लागू होता. चोरीचं कलम ३७८, दरोड्याचं ३९१. दरोडा ठरायला पाच किंवा अधिक माणसं लागतात, हेही त्यात. ठगांविरुद्धचा १८३६ चा कायदा मेकॉले ज्या कौन्सिलात बसत होता तिथलाच. चोर बघितलेच नाहीत असं म्हणणाऱ्याने एवढी कलमं कशासाठी लिहिली, हे विचारायला शिक्षकांना मजा येईल.

मुख्य शब्द घेऊन जुन्या पुस्तकांतही शोधलं. गूगल बुक्समध्ये काळ १८३५ ते १९०० असा बांधून घ्यायचा आणि अवतरणात तीन-चार शब्दांचा असा तुकडा टाकायचा की जो दुसरं कुणी सहज लिहिणार नाही:

```
"their native self-culture"
```

त्या काळातलं काही हाती आलं नाही. अख्खं वाक्य टाकू नये. जुन्या पुस्तकांची अक्षरओळख संगणकाने केलेली असते, एक अक्षर चुकलं तरी लांब वाक्य निसटतं.

१९ जानेवारी

सरांना टिपण नेऊन दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि मला अपेक्षित होता तोच प्रश्न विचारला. "वाक्य त्याचं नसेल, पण भाव तर खरा आहे ना? शिक्षणातून आपला आत्मविश्वास घालवलाच की त्यांनी."

मी म्हटलं, "सर, मग भाव तुमच्या शब्दांत लिहा आणि खाली तुमचं नाव घाला. वादच नाही. त्याच्या नावावर छापायचं तर त्याचेच शब्द हवेत. आणि खरे शब्द जास्त झोंबणारे आहेत." फळकुटाचं वाक्य आणि दुभाषी वर्गाचं वाक्य दाखवलं.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे फळकुटाचं मुलांना लगेच कळेल. आपल्या वाचनालयात नेऊन दाखवता येईल, हे एक फळकूट." शाळेच्या इतिहासाच्या बाईंनी मात्र मध्येच वेगळा मुद्दा काढला आणि तो रास्त होता. त्या म्हणाल्या, "दुभाषी वर्गाचं वाक्यही कार्डावर एकटं टाकलं की तेही अर्धवटच. पुढच्या वाक्यात तो म्हणतो ना, की या वर्गाने देशी भाषा सुधाराव्यात, त्यांत पाश्चात्त्य शास्त्रांच्या संज्ञा आणाव्यात आणि मग ज्ञान लोकांपर्यंत न्यावं?" बरोबर आहे, म्हणतो. म्हणजे खरं अवतरणसुद्धा कात्रीने खोटं करता येतं. फ्लेक्सवर दोन्ही वाक्यं घ्यायचं ठरलं.

२१ जानेवारी

बाईंनी जाताना आणखी एक कार्ड दिलं होतं. चर्चिल. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदमाश, लुटारू आणि भुरट्यांच्या हाती जाईल, हवा-पाण्यावरही कर लागेल, असं काहीतरी. यावर फार वेळ गेला नाही, पण पद्धतीतला एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. हे १९४७ चं. १९०९ पासून हॅन्सार्डमध्ये संसदेचे स्वतःचे वार्ताहर जवळपास शब्दशः नोंद करतात. म्हणून संसदेतलं म्हणून दिलेलं वाक्य तिथे नसेल तर या काळापुरता तो भक्कम पुरावा धरता येतो. १८३५ साठी तसा धरता येत नव्हता.

६ मार्च १९४७ ची चर्चा काढली. विरोधी पक्षनेता म्हणून चर्चिल भारताच्या सत्तांतरावर बोलला आहे आणि बोचरंच बोलला आहे: या तथाकथित राजकीय वर्गाच्या हाती देश देणं म्हणजे गवताच्या माणसांच्या हाती देणं, काही वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही. बदमाश, लुटारू, हवा-पाण्यावरचा कर यातलं काही त्या भाषणात नाही. इथेही तोच प्रकार: खऱ्या भाषणाच्या आसपास उभं केलेलं वाक्य. म्हणून खोट्या कार्डाची तारीख फेकून न देता तिथे जाऊन बघावं, बऱ्याचदा खरा कागद तिथेच पडलेला असतो.

२४ जानेवारी

फ्लेक्स काकांनी लावला. मेकॉलेचा उतारवयातला फोटो ठेवला आहे, पण खाली 'हे छायाचित्र नंतरच्या काळातलं' असं लिहिलं आहे. 'लॉर्ड' काढलं. मजकूर असा गेला:

टी. बी. मेकॉले, शिक्षणविषयक मिनिट, कलकत्ता, २ फेब्रुवारी १८३५. मग फळकुटाचं वाक्य, दुभाषी वर्गाचं वाक्य आणि त्याला लागूनचं देशी भाषांबद्दलचं वाक्य, तिन्ही मराठीत, 'भाषांतर आमचं' असं म्हणून. कोपऱ्यात शार्प यांच्या संग्रहाचं नाव आणि साल.

व्हॉट्सॲपवरचं कार्ड शेजारी लहान आकारात लावलं आहे. त्याच्यावर लाल फुली मारू नका असं काकांना सांगावं लागलं. फुली मारलेलं कार्ड कुणी मोबाइलने टिपतो, फुली कापतो आणि पुढे पाठवतो, हे दोनदा बघितलं आहे. त्याऐवजी 'हे भाषण झालेलं नाही' ही ओळ कार्डाच्या मधोमध, अक्षरांवरूनच आडवी नेली आहे. कापायची तर मजकूरच कापावा लागेल. काकांनी ती ओळ 'मॉडर्न' वळणाशी मिळत्याजुळत्या जाड-बारीक अक्षरात लावली आहे आणि अवतरणचिन्हं अर्थातच वाकडी घातली आहेत.